ईमेल आला, पण लिहिला कोणी?

मागच्या वेळी आपण कागदी दस्ताबद्दल बोललो. आज ईमेल. प्रश्न तिथलाच आहे, फक्त आता तो तीन पदरी होतो. समोरचा छापील कागद पेटीतल्या मूळ संदेशाची खरी प्रत आहे का? तो संदेश प्रतिवादीनेच पाठवला का? आणि त्यात लिहिलंय ते खरं आहे का? प्रमाणपत्र यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. बहुतेक गोंधळ हे विसरल्यामुळे होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीने पुण्याच्या कारखान्याला कास्टिंग पुरवलं. 18 लाख रुपये थकले. कारखान्याकडून ईमेल आला होता: ‘माल मिळाला, तक्रार नाही, बाकी महिनाअखेर देतो.’ पैसे आले नाहीत. दाव्याची रक्कम 3 लाखांच्या वर, म्हणून प्रकरण व्यापारी न्यायालयात.

ईमेल आला होता विक्री-व्यवस्थापकाच्या पेटीत. त्याने तो मालकाला फॉरवर्ड केला, मालकाने वकिलांना, आणि वकिलांच्या कारकुनाने छापला. प्रमाणपत्रावर सही केली मालकाने. इथे दोन चुका झाल्या. जे छापलं गेलं तो मूळ ईमेल नव्हेच. फॉरवर्ड हा नवा संदेश असतो, त्याचा हेडरही नवा. आणि सही करणाऱ्याचा ना त्या पेटीशी संबंध, ना त्या संगणकाशी. उलटतपासात पहिलाच प्रश्न येणार: ‘हा कागद तुम्ही स्वतः छापलात का?’

मग करायचं काय? व्यवस्थापकाने आपल्याच पेटीतून मूळ संदेश उतरवून घ्यायचा. जीमेलमध्ये ‘Show original’ आणि मग ‘Download Original’ केलं की हेडरसकट `.eml` फाइल मिळते. तिचा हॅश काढायचा. विंडोजवर असा:

```
certutil -hashfile mail.eml SHA256
```

मग त्यानेच प्रिंट काढायची आणि तारीख-वेळ टिपून ठेवायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्याच्या परिशिष्टातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग पक्षकाराच्या बाजूने, ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा. हॅश दोन्हींत लिहावा लागतो. जुन्या 65 ब कलमात तज्ज्ञही नव्हता, हॅशही नव्हता. ही फाइल मात्र पुन्हा सेव्ह करू नका. एक अक्षर हललं तरी हॅश बदलतो. आणि हॅशची मर्यादाही ओळखावी. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच तो सांगतो. आधी काय झालं त्याबद्दल तो मुका आहे.

व्यापारी दाव्यात याच्या जोडीला आणखी एक शपथपत्र लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 11, नियम 6 प्रमाणे ईमेल-आयडी कोणाचा, वापर कोणाच्या हाती, प्रिंट कधी आणि कुठून काढली, संगणक नीट चालत होता का, हे सगळं सांगावं लागतं. हे कलम 63 च्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

प्रमाणपत्र मिळतच नसेल तर? ही अडचण जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात आली. चित्रीकरण निवडणूक कार्यालयाच्या ताब्यात होतं आणि मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण ते दुसऱ्याच्या हाती असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवावं. सगळे प्रयत्न करूनही मिळालं नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. आमच्या फाउंड्रीला मात्र ही सवलत नाही. पेटी तिच्याच माणसाची आहे.

समजा प्रमाणपत्र निर्दोष आहे. आता प्रतिवादी म्हणतो, ‘पत्ता आमचा, पण हा ईमेल आम्ही पाठवला नाही.’ कायदा इथे वादीला फारशी मदत करत नाही. संदेश पाठवताना होता तसाच पोचला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पण तो कोणी पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरता येत नाही. मग आजूबाजूचा व्यवहार बोलायला लागतो. त्याच पत्त्यावरून मूळ ऑर्डर आली होती. या ईमेलनंतर दोन दिवसांनी कारखान्याने आधीच्या एका बिलाचे पैसे भरले होते, आणि त्या बिलाचा उल्लेख याच ईमेलमध्ये होता. लबाडीने ईमेल रचणाऱ्याला हे कसं कळलं असतं? शिवाय व्यापारी दाव्यात ‘नाकबूल’ एवढं लिहून चालत नाही, नाकारण्याचं कारण द्यावं लागतं.

आणखी एक हरकत फार उशिरा घेतली जाते. कागदावर निशाणी पडताना प्रतिवादीचे वकील गप्प राहतात आणि अपिलात प्रमाणपत्र नसल्याचं आठवतं. सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत वेळीच घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या सोनू प्रकरणात सांगितलं. कारण सरळ आहे: तेव्हाच बोलले असते, तर वादीला चूक दुरुस्त करता आली असती.