नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक मृत्युपत्र ठरवते

‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांचे २०१३ साली निधन झाले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र करून ठेवले होते. शिवाय त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावेही नोंदलेली होती. त्यांच्या पश्चात प्रश्न उभा राहिला की या गुंतवणुकीचे मालक कोण, नॉमिनी की वारस? मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात शेअरचा नॉमिनी हाच मालक असे म्हटले होते. साळगावकर प्रकरणात मात्र २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने उलट निर्णय दिला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नॉमिनीच्या हातात पैसे येतात ते सांभाळण्यासाठी. मालकी मृत्युपत्राप्रमाणे ठरते, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे.

हा निकाल प्रत्येक घराला लागू आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो. ‘बायकोचं नाव नॉमिनी म्हणून घातलंय, म्हणजे काळजी नाही,’ असे आपण म्हणतो. या वाक्यातला अर्धा भागच खरा आहे. नॉमिनेशनमुळे बँक, फंड कंपनी किंवा डीमॅट खाते सांभाळणारी संस्था यांना पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते कळते. त्या व्यक्तीला पैसे दिले की त्यांची जबाबदारी संपते. ते पैसे शेवटी कोणाचे, हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीत येतच नाही. आयुर्विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांना लाभार्थी नॉमिनी म्हणून वेगळे स्थान मिळाले. पण त्याचा अर्थ लावतानाही न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. तेव्हा नॉमिनी म्हणजे विश्वस्त असे धरून चालणेच सुरक्षित आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. ठाण्यातले एक गृहस्थ वयाच्या ५४व्या वर्षी अचानक गेले. मागे पत्नी, नोकरी करणारा मुलगा, लग्न होऊन अमेरिकेत असलेली मुलगी आणि ८० वर्षांची आई. धाकटा भाऊ पुण्यात. गृहस्थांच्या एकट्याच्या नावावर बँकेत ९ लाखांची मुदत ठेव, तिच्यावर नॉमिनी पत्नी. म्युच्युअल फंडात १८ लाख, तिथे नॉमिनी धाकटा भाऊ, कारण तो फोलिओ लग्नाआधी उघडला होता आणि पुढे कोणी तो फॉर्म पाहिलाच नाही. डीमॅट खात्यात १२ लाखांचे शेअर, तिथे नॉमिनीच नाही. मृत्युपत्र केलेले नाही.

मुदत ठेवीचे काम सर्वांत आधी मार्गी लागते. पत्नी मृत्यूचा दाखला, स्वतःची ओळखपत्रे आणि दाव्याचा अर्ज घेऊन बँकेत जाते. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वैध नॉमिनी असल्यावर बँक वारसा हक्काचे प्रमाणपत्र मागत नाही. नॉमिनेशनची खरी ताकद इथे दिसते. दवाखान्याचे बिल, कर्जाचा हप्ता, घरखर्च यांसाठी कुटुंबाच्या हाती लगेच पैसे येतात.

म्युच्युअल फंडाचे युनिट भावाच्या नावावर होतात. फंड कंपनीच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नाही. पण हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गाच्या वारसांना, म्हणजे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना, समान वाटा मिळतो. या वर्गातले वारस असताना भावाला काहीच मिळत नाही. म्हणजे त्याने ते १८ लाख स्वीकारून या चौघांना द्यायचे. भाऊ सरळ असेल तर ते होऊन जाते. त्याने नाही म्हटले, किंवा ‘दादानं मुद्दामच माझं नाव घातलं होतं’ अशी भूमिका घेतली, तर दिवाणी दाव्याला पर्याय उरत नाही.

डीमॅटमधले शेअर सर्वांत जास्त अडतात. नॉमिनी नसल्यामुळे कोणाच्या नावावर करायचे हा प्रश्न थेट वारसांवर येतो. डीमॅटमधील रक्कम एका खातेदाराच्या बाबतीत १५ लाखांपर्यंत असेल, तर सेबीच्या नियमांनुसार सोपी वाट आहे. प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र दिले की काम होते. या घराचे शेअर १२ लाखांचे आहेत, म्हणजे ते या मर्यादेत बसतात. तरीही आईची सही लागते आणि अमेरिकेतल्या मुलीची सही तिथे रीतसर साक्षांकित करून आणावी लागते. एक जरी वारस रुसला, तरी सोपी वाट बंद. शेअरचे भाव वाढून रक्कम १५ लाखांवर गेली आणि मृत्युपत्रासारखा कागदही नसला, की सक्सेशन सर्टिफिकेटसाठी न्यायालयात अर्ज, नोटिसा, वकील आणि कोर्ट फी आली. तोवर शेअर खात्यात तसेच पडून राहतात. बाजार पडला तरी ते विकता येत नाहीत.

आता हिशेब एकत्र मांडू. ९, १८ आणि १२ मिळून ३९ लाख. चार वारस, म्हणून प्रत्येकी ९ लाख ७५ हजार. पत्नी ज्या ठेवीची नॉमिनी होती, त्या ९ लाखांतही तिचा कायदेशीर वाटा फक्त २ लाख २५ हजारांचा आहे. आईच्या वाट्याला आलेले ९ लाख ७५ हजार तिचे स्वतःचे झाले. उद्या तीही मृत्युपत्राशिवाय गेली, तर ते पैसे तिच्या सगळ्या मुलांमध्ये, म्हणजे पुण्यातल्या भावाकडे आणि बहिणी असतील तर त्यांच्याकडेही जातील. गेलेल्या मुलाच्या वाट्याचा भाग तेवढा नातवंडांकडे येईल. सुनेला त्यातले काही मिळणार नाही. आईचा हक्क रास्तच आहे. पण या गृहस्थांच्या मनात पत्नीच्या म्हातारपणाची तरतूद करायची होती आणि आईची सोय वेगळी लावायची होती, तर ते त्यांनी कुठेही लिहिलेले नाही.

त्यांच्या मनातले लिहिण्यासाठी मृत्युपत्र एवढा एकच कागद होता. स्वतः कमावलेली संपत्ती हवी तशी देण्याची मुभा हिंदू व्यक्तीला आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, मराठीत लिहिले तरी चालते. नोंदणी सक्तीची नाही. पण वाद होण्याची शक्यता वाटत असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले बरे. कायद्याची खरी अट साक्षीदारांची आहे. किमान दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही माझीच असे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने तुमच्यासमोर स्वतःची सही केलेली असावी. बरीचशी मृत्युपत्रे इथेच लंगडी पडतात. सही एका दिवशी, साक्षीदारांच्या सह्या नंतर कोणाच्या तरी घरी जाऊन, असे चालत नाही. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान वयाचे निवडा, कारण पुढे न्यायालयात त्यांच्यापैकी एकाला तरी उभे राहावे लागू शकते. ज्याला संपत्ती द्यायची आहे, त्याला साक्षीदार करू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचे, मन:स्थिती ठीक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा.

मजकुरात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द, हे एक वाक्य. अंमलबजावणी कोणी करायची, त्या व्यवस्थापकाचे नाव. आणि ‘याशिवाय माझ्या नावावर जे काही असेल ते अमुक व्यक्तीला’ हे कलम. आज तुमच्याकडे असलेल्या फोलिओंची यादीच दिली आणि पुढच्या वर्षी नवीन गुंतवणूक केली, तर या शेवटच्या कलमाशिवाय ती मृत्युपत्राच्या बाहेर राहील.

मृत्युपत्र झाले म्हणून नॉमिनेशनकडे दुर्लक्ष करता येणार नाही. मृत्युपत्रात सगळे पत्नीला आणि फंडात नॉमिनी भाऊ, अशी स्थिती असेल तर फंड कंपनी युनिट आधी भावाकडेच देईल आणि मग पत्नीला ते त्याच्याकडून मागावे लागतील. म्हणून दोन्ही कागदांवर शक्यतो तीच नावे ठेवा. एकापेक्षा अधिक जणांना द्यायचे असेल तर आता तीही सोय आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. एकतर सर्वांना टक्केवारीने, किंवा एकामागून एक. लॉकरसाठी फक्त एकामागून एक हा पर्याय आहे. म्युच्युअल फंड आणि डीमॅटमध्ये दहा जणांपर्यंत नावे देता येतात.

आपल्या खात्यांची स्थिती तपासणे अवघड नाही. बँकेच्या पासबुकावर नॉमिनेशन नोंदल्याचा उल्लेख असतो. म्युच्युअल फंड आणि डीमॅटच्या एकत्रित खाते विवरणातही नॉमिनीची नोंद दिसते. भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन मात्र वेगळे तपासा, कारण लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर अवैध ठरते आणि ते नव्याने करावे लागते. नॉमिनीचे नाव त्याच्या आधार आणि पॅनवरील नावाशी जुळते का तेही पाहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत दावे बऱ्याचदा इथेच अडकतात.

दुःखद प्रसंग ओढवलाच, तर घरच्यांनी एक चूक टाळावी. गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नयेत. मुखत्यारपत्रही माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. नंतर एखाद्या वारसाने आक्षेप घेतला, तर हेच व्यवहार वादाचे कारण ठरतात. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्त प्रती काढाव्यात आणि प्रत्येक संस्थेला लेखी कळवावे. कुठे काय गुंतवले हेच माहीत नसेल, तर पडून राहिलेल्या बँक ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर आणि विस्मृतीत गेलेल्या म्युच्युअल फंडांचा शोध ‘मित्र’ या सुविधेवर घेता येतो.

पण त्या शोधाची वेळच येऊ देऊ नये. या आठवड्यात तुमच्या खात्यांची, फोलिओंची, विमा पॉलिसींची आणि लॉकरची यादी एका पानावर लिहा, प्रत्येकापुढे नॉमिनीचे नाव लिहा, आणि मृत्युपत्र कुठे ठेवले आहे ते घरातल्या दोघांना तरी सांगा. तुमच्या माघारी कोणाला काय मिळावे हे तुम्ही लिहून ठेवले नाहीत, तर ते कायदा ठरवील, आणि कायद्याची वाटणी तुमच्या मनातल्या वाटणीसारखी असेलच असे नाही.