गोधडीचा गोट आणि त्याचे चार कोपरे

गोधडी धुताना आपण तिला कोपऱ्याला धरतो, पिळतानाही कोपराच ओढतो. म्हणून मधले टाके चांगले असतात आणि कोपरे मात्र आधी उसवतात. नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या गटांतून विकायला जाणाऱ्या गोधड्यांवरही गिऱ्हाईक पहिला हात कोपऱ्यावरच ठेवते. तेव्हा आज आम्ही गोट कसा लावायचा तेवढंच सांगणार आहोत. समोरून मशीनने आणि मागून हाताने.

पाच फूट बाय सात फुटांची गोधडी धरू. साठ इंच आणि चौऱ्याऐंशी इंच, म्हणजे चारही बाजू मिळून २८८ इंच. कोपरे आणि जोड यांसाठी पंधरा इंच वाढवले की ३०३ इंच पट्टी लागते. नऊवारी लुगडं नऊ वारांचं, म्हणजे ३२४ इंच. त्याच्या लांबीतून तीन इंच रुंद पट्टी काढली तर एकही जोड येत नाही. पण आधी ते उजेडाकडे धरून पाहा. विरलं असेल तर गोटाला घेऊ नका, ते आतल्या थराला द्या. नवीन सुती कापड ४४ इंच पन्ह्याचं असेल तर पाऊण मीटर घ्या, त्यात तीन-तीन इंचांच्या आठ पट्ट्या निघतात. पट्टी सरळच कापा. बाजू सरळ आहे, तिथे उरेब पट्टी उगाच ताणते.

नवं कापड मात्र आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. आतली लुगडी धुऊन धुऊन आटून गेलेली असतात, गोट नवा असतो. पहिल्या धुण्यात तो आटला की सगळी कड चुण्या घालते. लाल कापड रंग सोडतं का, हेही तेव्हाच कळतं.

गोधडीचे सगळे थर कडेने धाग्याने टाचा आणि कड सरळ कापा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की कोपरे काटकोनात आहेत. पट्टी लांबीत दुमडून दीड इंचाची करा. पट्टीच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या समोरच्या बाजूला, तिच्या कडेला कड लावून ठेवा. सुरुवात बाजूच्या मधोमध करा, कोपऱ्यावर नको. पट्टीचं टोक अर्धा इंच आत दुमडून ठेवा, म्हणजे शेवटचं टोक त्यात सरकवता येतं. कडेपासून तीन सूत आत शिलाई घाला.

आता खरं काम. कोपरा जवळ आला की दोन्ही कडांपासून तीन-तीन सूत आत पेन्सिलीने एक ठिपका द्या. शिलाई त्या ठिपक्यावर थांबवा, दोन-तीन टाके मागे घ्या, धागा कापा आणि गोधडी बाहेर काढा. पट्टी वरच्या दिशेला सरळ उभी करा. तिला तिरकी घडी पडेल आणि पट्टीची कड पुढच्या बाजूच्या कडेशी एका रेषेत येईल. ती घडी बोटाने दाबून धरा आणि पट्टी पुन्हा खाली आणा. ही वरची दुमड मागच्या बाजूच्या कडेशी अगदी बरोबरीत हवी. तिथे टाचणी लावा आणि दुमडीपासूनच पुढची शिलाई सुरू करा.

ठिपक्याच्या पुढे, कडेपर्यंत शिवलं तर घडी शिलाईत अडकते आणि उलटवल्यावर कोपरा गोल होतो. अलीकडेच थांबलं तर तिथे भोक राहतं. दुमड कडेच्या खाली घसरली तर कोपरा बोथट होतो, वर गेली तर कानासारखं टोक निघतं. पुढे जाण्याआधी गोट मागे उलटवून पाहा. समोर बाहेरच्या टोकापासून आतल्या ठिपक्यापर्यंत एकच सरळ तिरकी रेघ दिसली की घडी जमली. नाही दिसली तर तेवढेच टाके उसवा. चार कोपरे झाल्यावर उसवण्यापेक्षा हे फार सोपं.

कोपऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर त्या कापडाच्या घड्यांचं ‘फुला’ लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

मागची बाजू मशीनने करू नका. समोरून शिवताना मागचा गोट दिसत नाही, शिलाई कुठे गोटावर बसते तर कुठे निसटते. गोट मागे घ्या, त्याची दुमड मशीनची शिलाई झाकून थोडी पुढे यायला हवी. धागा गोटाच्या रंगाचा आणि हातभरच घ्या, लांब धागा गुंततो. गाठ गोटाखाली लपवा. सुईने मागच्या कापडाचे दोन-तीन दोरे उचला, लगेच दुमडीच्या कडेतून सुई काढा, दोन सुतांवर पुढचा टाका. सुई समोर निघता कामा नये, मधूनमधून गोधडीखाली हात फिरवून बघा.

कोपऱ्यावर आलात की आधी एक बाजू सपाट बसवा, मग दुसरी तिच्यावर दुमडा. समोरची घडी ज्या बाजूला झुकली असेल, मागची तिच्या उलट बाजूला झुकवा. नाहीतर सगळं कापड एकाच जागी साचून गाठोडं होतं. तिरक्या रेघेवर मागून तीन-चार बारीक टाके घाला. समोरची घडीही तशीच टाचून घ्या, पिळताना ताण तिच्यावरच येतो.