धर्मसमुदाय सोडणाऱ्यांचे जीवनवृत्त

धर्मसमुदाय सोडणाऱ्यांचे जीवनवृत्त हा मौखिक कथनावर आधारलेल्या समाजशास्त्रीय लेखनाचा एक प्रकार आहे. एखादा पंथ, धर्म किंवा उपासक मंडळ सोडलेल्या व्यक्तीच्या मुलाखती घेऊन तिच्या आयुष्याचे प्रकरण लिहिले जाते. असे प्रकरण लिहिताना कलंक, निवेदनाचा आवाज आणि अनामिकता हे तीन प्रश्न परस्परांत गुंतलेले असतात. पुणे जिल्ह्यातील मावळासारख्या, माणसे एकमेकांना ओळखतात अशा भागात अनामिकतेचा प्रश्न विशेष कठीण होतो.

कलंक

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाचे दोन प्रकार दाखवले : उघड झालेला आणि उघड होऊ शकणारा. वारकरी परंपरेत तुळशीची माळ घालणे म्हणजे मांसाहार व मद्य वर्ज्य करणे, एकादशी पाळणे आणि वारी करणे. ज्याने गावासमोर माळ उतरवली, त्याला टीका सोसावी लागते. ज्याने मनाने परंपरा सोडली, पण आई-वडिलांसाठी माळ गळ्यात ठेवली, त्याचे गुपित अजून शाबूत असते. पहिल्याच्या बाबतीत लेखकाने नवा कलंक लावू नये, एवढे पुरते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र प्रकरण छापले जाणे हाच उघड होण्याचा प्रसंग ठरू शकतो.

शब्दयोजनेतूनही कलंक लागतो. ‘बाटला’, ‘भ्रष्ट झाला’ हे समुदायाचे शब्द आहेत, तर ‘सुटका झाली’ हा सोडणाऱ्याचा शब्द असू शकतो. दोन्ही अवतरणात, ते कोणाचे आहेत हे सांगून द्यावेत. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात ‘माळ उतरवली’ असे घडलेल्या कृतीचे वर्णन असावे.

निवेदनाचा आवाज

सोडून गेल्यानंतरचे कथन आजच्या भूमिकेतून मागे पाहत केलेले असते. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ बऱ्याच काळानंतर प्रसिद्ध झाले. अनेक वर्षांनंतरच्या अशा निवेदनात पूर्वीचे छोटे प्रसंगही पुढील निर्णयाच्या खुणा भासू लागतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वेगळी बाजू दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या होत्या. पुढे त्यांनीही धर्मांतर केले. एकाचे सोडणे दुसऱ्याच्या घरात कसे उतरते, हे त्यातून कळते.

म्हणून मुलाखतीत ‘का सोडले?’ या प्रश्नाने आरंभ करू नये. त्याला बहुधा तयार उत्तर मिळते. ‘त्या वर्षीच्या सप्ताहात तुम्ही काय करत होता?’ असे विचारल्यास त्या वेळचे अनुभव वेगळे काढता येतात. लेखनात ‘तेव्हा वाटले’ आणि ‘आता वाटते’ हा भेद क्रियापदांतूनच स्पष्ट ठेवावा.

अनामिकता

नाव बदलणे ही केवळ पहिली पायरी होय. अनोळखी वाचकापासून ओळख लपली, तरी भाऊ, सासर किंवा भजनी मंडळ यांच्यापासून ती लपत नाही.

पुढील काल्पनिक वाक्य पाहा : ‘पवन मावळातील एका गावचा मृदंगवादक, वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर माळ उतरवून तळेगावच्या कारखान्यात लागला.’ यात नाव नाही, परंतु खोरे, वाद्य, प्रसंग आणि नोकरी या चार गोष्टी एकत्र आल्याने गावकऱ्यांना माणूस ओळखू येतो. येथे प्रत्येक तपशिलाचे काम तपासावे. खोरे व तळेगाव कथेला आवश्यक नसल्यास ‘मावळ’ आणि ‘औद्योगिक वसाहत’ पुरेसे आहे. मृदंगाऐवजी वीणा लिहिणे मात्र चुकीचे ठरेल, कारण विणेकऱ्याचा मान वेगळा असतो आणि त्यामुळे सोडण्याचा अर्थ बदलतो. ‘भजनातील एक वादक’ म्हणणे योग्य. वडिलांचा मृत्यू हे सोडण्याचे कारणच असेल, तर तो ठेवावा आणि बाकीचे तपशील सैल करावेत.

बोलण्याची खास लकबही माणूस उघड करते. अशा ठिकाणी थेट अवतरणाऐवजी आशय द्यावा. खरी नावे व टोपणनावे यांची यादी ध्वनिमुद्रणांपासून वेगळी ठेवावी. मसुदा निवेदकाला वाचून दाखवून ‘घरच्यांना कोणत्या वाक्यावरून कळेल?’ असे विचारावे आणि संमती पुन्हा घ्यावी.

मर्यादा

दोन व्यक्तींची वृत्ते एकत्र करून एक पात्र रचल्यास ओळख अधिक लपते, परंतु ते एका माणसाचे जीवनवृत्त राहत नाही. तसे केल्याचे वाचकाला सांगणे बंधनकारक मानले जाते. सर्व तपशील सैल केल्यावर सोडण्याचे कारणच दिसेनासे झाले, तर ते प्रकरण निवेदकाच्या हयातीत प्रसिद्ध न करणे हाच पर्याय उरतो.