बुटक्या खोलीतला डुगडुगता पंखा

नागपूरच्या उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र पूर्ण वेगाने फिरतो, त्यामुळे लहानसा दोषही डुगडुगीत दिसतो. समजा, छत साडेआठ फुटांवर आहे. पाती जमिनीपासून साडेसात फुटांवर ठेवली, तर वर हवा ओढायला फूटभर जागा उरते. त्यासाठी तयार आखूड दांडी घ्यावी. घरी कापलेल्या दांडीत बोल्टचे भोक तिरके पडण्याची भीती असते.

डुगडुग असल्यास मेन स्विच बंद करून आधी स्क्रू आवळा. मग प्रत्येक पात्याचे टोक हाताने एकाच जागी आणून छतापासूनचे अंतर मोजा. एखादे टोक वेगळे आले, तर त्याची पट्टी वाकलेली असते. अंतरे सारखी असूनही डुगडुग राहिली, तर वजनात फरक आहे. एकेका पात्यावर मधोमध नाणे घट्ट चिकटवून, मंद वेगावर तपासा.