किती गेला, किती आठवडे पुरेल

२१ सप्टेंबर २०२५. रविवार, सर्वपित्री अमावास्या. रात्री साडेआठला कोल्हापुरातल्या माझ्या मामांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं होतं. काउंटरवर हळदी रंगाच्या कॉटन कुर्त्यांचा गठ्ठा पडला होता आणि मामा त्याच्याकडे बघत होते. गणपतीच्या आधी त्यांनी हे डिझाइन २४० नग उचललं होतं. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, प्रत्येकी ६०. खरेदी ४५० रुपयांची, विक्रीची किंमत ८९९.

"गेल्या दोन आठवड्यांत दहा नग गेलेत गं," मामा म्हणाले. "उद्या तीस टक्क्यांचा बोर्ड लावतो."

मी पुण्यात तयार कपड्यांच्या दुकानांच्या एका साखळीत काम करते. कुठल्या दुकानात कुठला माल किती ठेवायचा, हे आमचा विभाग ठरवतो. तिथे दर सोमवारी सकाळी प्रत्येक डिझाइनपुढे दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला सेल-थ्रू, म्हणजे आलेल्या मालातला किती टक्के माल विकला गेला. दुसरा वीक्स ऑफ सप्लाय, म्हणजे उरलेला माल किती आठवडे पुरेल. त्या रात्री मामांच्या वहीतून हे दोन्ही आकडे आम्ही काढले.

पहिला आकडा सोपा. माल ११ ऑगस्टच्या आठवड्यात लागला. पहिल्या चार आठवड्यांत १४, २२, १८ आणि १० नग गेले, मग पितृपक्षाच्या दोन आठवड्यांत पाच-पाच. एकूण ७४. आलेले २४०, म्हणून सेल-थ्रू जेमतेम ३१ टक्के. हा आकडा काढताना ग्राहकांनी परत केलेले नग विक्रीतून वजा करायचे आणि मधे आणखी माल आला तर तो आलेल्या मालात मिळवायचा. समजा त्याच आठवड्यात नवे ४० नग आले असते, तर तेच ७४ नग २८० पैकी धरले जाऊन आकडा २६ टक्क्यांवर उतरला असता. म्हणून टक्का घसरलेला दिसला की आधी आवक बघावी, मग डिझाइनला दोष द्यावा.

दुसऱ्या आकड्यासाठी शिल्लक मालाला आठवड्याच्या खपाने भागायचं. शिल्लक १६६, खप आठवड्याला ५. उत्तर आलं ३३ आठवडे. भाऊबीज २३ ऑक्टोबरला, म्हणजे हातात पाच आठवडेसुद्धा नाहीत, आणि माल ३३ आठवड्यांचा. मामांचा हात बोर्डाकडे जाणं साहजिकच होतं.

पण त्या भागाकारात खप कुठला धरला होता? पितृपक्षातला. त्या पंधरवड्यात आपल्याकडे नवे कपडे घ्यायला कोण बाहेर पडतं? गेलेल्या आठवड्यांच्या सरासरीवर काढलेला हा आकडा पुढचे आठवडे मागच्यासारखेच जातील असं धरून चालतो. टूथपेस्ट विकणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. सणावारी कपडे विकणाऱ्याचं मात्र ऐन हंगामात बिघडतं. पितृपक्षात हा आकडा फुगतो आणि घाबरवतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो आक्रसतो आणि मोह पाडतो. त्याच्या नादाने मागवलेला माल भाऊबीजेनंतर येऊन पडतो.

म्हणून खप मागचा न धरता पुढचा धरायचा. पुढचा खप ठरवायला मामांकडे गेल्या वर्षीची वही होती, पण तिथेही एक खड्डा होता. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. तारखेला तारीख लावली असती, तर यंदाच्या नवरात्राशेजारी गेल्या वर्षीचा पितृपक्ष येऊन बसला असता. आम्ही तारखा सोडून दिल्या आणि लक्ष्मीपूजनापासून मागे आठवडे मोजले. दोन्ही वर्षी घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हे अंतर २९ दिवसांचंच होतं, त्यामुळे आठवड्याला आठवडा नीट जुळला.

त्या वहीत याच किमतीच्या सगळ्या कुर्त्यांचा खप धरला, तर पितृपक्षातल्या आठवड्याच्या चौपट विक्री नवरात्राच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. दसऱ्याच्या आठवड्यात पाचपट, त्यानंतर सहापट, मग नऊपट आणि खुद्द दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा पाचपट. हळदी कुर्तीचा पाचचा खप या पटींनी वाढवला, तर २०, २५, ३०, ४५ आणि २५ असे आकडे येतात. बेरीज १४५. शिल्लक १६६. म्हणजे तोच माल, तीच रात्र, पण ३३ आठवड्यांचा साठा जेमतेम पावणेसहा-सहा आठवड्यांवर आला आणि दिवाळी सरता सरता सेल-थ्रू ९१ टक्क्यांच्या घरात जाईल असं दिसलं.

पाच नगांसारख्या लहान आकड्यावर केलेला अंदाज कच्चाच असतो. एका घरातल्या दोघींनी एकदम दोन कुर्त्या नेल्या तरी तो हलतो. म्हणून तर पटी एका डिझाइनवरून न काढता त्या किमतीच्या सगळ्या कुर्त्यांवरून काढल्या. आणि हे गणित एकदा मांडून ठेवून द्यायचं नसतं, दर रविवारी रात्री ताजं करायचं असतं. मी मामांना एवढंच म्हटलं, "दोन रविवार थांबा. नवरात्राच्या आठवड्यात पंधराच्या खाली राहिली, तर बोर्ड मीच रंगवते." बोर्ड थांबला.

नवरात्राच्या पहिल्या आठवड्यात २१ नग गेले, दसऱ्याच्या आठवड्यात २४. अंदाजाच्या अगदी जवळ. ५ ऑक्टोबरच्या रात्री एकूण विक्री ११९ झाली होती, सेल-थ्रू जवळपास ५० टक्के. शिल्लक १२१, आठवड्याचा खप साडेबावीस, म्हणजे सव्वापाच आठवड्यांच्या आसपासचा माल. पुढे खप वाढणार हे धरलं तर सगळं जागेवर. मामा खूश होते. मी साइझ मोजायला घेतल्या.

कपड्यांच्या दुकानात खरी गोम इथे असते. १२१ नगांत एम ४१ होते, एल १९, एक्सएल फक्त १४ आणि डबल एक्सएल ४७. आठवड्याला एक्सएल नऊ जात होते आणि एल आठ. म्हणजे एक्सएल दीड आठवड्याचा आणि एल सव्वादोन-अडीच आठवड्यांचा, तोही खप वाढला नाही तर. डबल एक्सएल मात्र आठवड्याला दोनच जात होते, म्हणून २३ आठवड्यांहून जास्त. या सगळ्याची सरासरी काढली की पाच आठवडे येते आणि सगळं ठीक वाटतं. पण एक्सएल घालणाऱ्या बाईला डबल एक्सएलची थप्पी दाखवून काय उपयोग? ती रंग बघते, कापड चाचपते, साइझ विचारते आणि पुढच्या दुकानात जाते. पुढे सरासरी आणखी फसवते. चालत्या साइझ संपल्या की एकूण खप मंदावतो आणि वहीत डिझाइनच पडल्यासारखं दिसतं. धंद्यात याला सेट तुटला म्हणतात. सेट तुटून खप उतरला असेल तर सवलत देऊन तो वर येत नाही, कारण हवी ती साइझ सवलतीतही नसते.

दर आठवड्याला दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे ते यासाठी. सेल-थ्रू वाढतोय आणि माल थोड्या आठवड्यांचा उरलाय, तर पुन्हा मागवायचं, पण तो माल यायला लागणाऱ्या दिवसांत सण निघून जाणार नसेल तरच. सेल-थ्रू रखडलाय आणि माल हंगामापेक्षा जास्त आठवड्यांचा आहे, तर किंमत उतरवायची, आणि तीही हंगाम उरलेला असतानाच. सेल-थ्रू फार लवकर चढला तर त्याचंही कौतुक नको. मामांच्याच दुकानात एक मोरपंखी कुर्ती ६० पैकी ५२ नग पहिल्या तीन आठवड्यांत गेली होती, ८७ टक्के. त्यानंतर किती जणी तिच्यासाठी विचारून परत गेल्या, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

हळदी कुर्तीच्या एल आणि एक्सएल नव्याने मागवायच्या, तर ठोक व्यापारी पूर्ण सेटच देतो. दोन साइझसाठी चारही घ्याव्या लागल्या असत्या, म्हणजे डबल एक्सएलच्या ढिगात आणखी भर. मामांचं दुसरं दुकान सांगलीत आहे. तिथे फोन लावला, तर त्यांच्याकडे डबल एक्सएल संपत आल्या होत्या आणि एल, एक्सएल शिल्लक होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने २४ डबल एक्सएल सांगलीला गेल्या आणि संध्याकाळी १० एल, १२ एक्सएल इकडे आल्या. नवा पैसा न घालता सेट पुन्हा जुळला. कोल्हापूरचा आलेला माल आता २४० ऐवजी २३८ धरायचा, एवढीच वहीतली दुरुस्ती.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ८७ नग गेले. एक्सएल शेवटी १६ ऑक्टोबरला, गुरुवारी संपल्याच. त्यापुढचे पाच दिवस ऐन गर्दीचे होते, त्यामुळे ९१ टक्क्यांचा अंदाज पुरा झाला नाही. २६ ऑक्टोबरच्या रात्री एकूण विक्री २०६ झाली, सेल-थ्रू साडेशहाऐंशी टक्के. उरले ३२ नग: १८ एम, एक एल, १३ डबल एक्सएल.

अमावास्येच्या रात्री तो बोर्ड लागला असता, तर? नवरात्रापासून पूर्ण किमतीला गेलेल्या १३२ कुर्त्यांवर प्रत्येकी २७० रुपये सुटले असते, म्हणजे ३५,६४० रुपये. सवलतीमुळे उरलेले ३२ नगही ६२९ रुपयांनी उठले असते असं धरलं, तरी त्यातून २०,१२८ रुपयेच आले असते. आणि ते ३२ नग अजून हातात होतेच. इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगाविशी वाटते. सेल-थ्रूचा टक्का लिहिताना पूर्ण किमतीत किती आणि सवलतीत किती, हे दोन रकान्यांत लिहावं. सवलतीने कुठलाही टक्का नव्वदपर्यंत नेता येतो आणि वर्षाअखेरीला खरेदी बरोबर केली होती की चूक, हे त्या टक्क्यावरून कळतच नाही.

१ नोव्हेंबरला उरलेल्या कुर्त्या तीस टक्क्यांच्या बोर्डाखाली दर्शनी हँगरवर लागल्या. त्याच दुपारी मामांनी कुर्तीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि कापडवाल्याला सांगायच्या पुढच्या दिवाळीच्या साइझ लिहिल्या: एम ४५, एल ८०, एक्सएल ८५, डबल एक्सएल ३०. सेट मोडून द्यायला तो तयार आहे, ऑर्डर जूनच्या आत मिळाली तर.