डिगॉक्सिन : मात्रा आणि विषबाधा यांत थोडेच अंतर

काम कसे करते? हृदयपेशीतला सोडियम बाहेर टाकणारा पंप हे औषध अडवते. आत सोडियम साठले की कॅल्शियम बाहेर पडणे मंदावते आणि हृदय अधिक जोराने आकुंचन पावते. हृदय निकामी होऊ लागल्यावर हाच परिणाम हवा असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ते व्हेगस मज्जातंतूमार्फत एव्ही नोडमधून खाली जाणारे विद्युतसंदेश कमी करते. ठोके मंदावतात, पण अनियमितपणा जात नाही.

मर्यादा किती? हृदय निकामी असलेल्या रुग्णाच्या रक्तात दर मिलिलिटरला साधारण 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅम पुरते. 2 च्या वर धोका बराच वाढतो. नमुना गोळीनंतर किमान सहा तासांनी घ्यावा, नाहीतर आकडा फसवा येतो.

तोल कसा जातो? समजा, सत्तरीच्या आजी डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड घेतात. जुलाब लागले, पोटॅशियम घटले. पंपावर पोटॅशियमची आडकाठी कमी झाल्याने औषध जास्त चिकटते. शरीरातले पाणी घटून मूत्रपिंड मंदावले की औषध साठतेही. गोळी तीच, विषबाधा मात्र होते. अमिओडॅरोन, व्हेरापॅमिल, क्लॅरिथ्रोमायसिन यांनीही पातळी वाढते.

खुणा : अन्नावरची वासना जाणे, मळमळ, गोंधळलेपणा, पिवळसर दिसणे, नाडी फार मंद किंवा मध्येच जादा ठोके. अशा वेळी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. ईसीजी, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते. गंभीर विषबाधेवर डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे इंजेक्शन हा उतारा आहे.