सिमेंट एकदम भरून ठेवावं का?

दिल्लीजवळ गुरुग्राममध्ये किंवा नोएडात शंभर गजाच्या प्लॉटवर दोन मजली घर बांधायचं, तर ढोबळ हिशेबाने साडेसहाशे गोण्या सिमेंट लागतं. भाव उतरला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो एकदम भरून ठेवण्याचा. ‘पिशवी बंद आहे, वर ताडपत्री आहे, काय बिघडणार?’ हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. सिमेंटची विणलेली प्लास्टिकची पिशवी हवाबंद नसते. त्यातून हवेतली आर्द्रता आत शिरते आणि पावडरीचा प्रत्येक कण पृष्ठभागावर थोडा थोडा पाण्याशी संयोग पावतो. गोळे दिसू लागण्याच्या खूप आधीपासून सिमेंटची ताकद उतरत असते. साधारण साठवणीत तीन महिन्यांत पाचवा हिस्सा ताकद जाते, असा जुना अंदाज आहे. जुलै ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत त्याहून लवकर जाऊ शकते.

हे तीन महिनेही बरेच जण चुकीच्या दिवसापासून मोजतात. आपण विकत घेतलं तो दिवस इथे चालत नाही. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष गोणीवर छापलेलं असतं, आणि मोजणी तिथून सुरू होते. दुकानदाराच्या गोदामात गेलेला महिना आपल्याच खात्यात पडतो. माल उतरवण्याआधी दोन-चार गोण्यांवरचा आकडा वाचला, तर निम्मा प्रश्न ट्रकपाशीच मिटतो.

दिल्ली परिसरात याला आणखी एक फाटा फुटतो. हवा फार बिघडली की ‘ग्रॅप’ या प्रदूषण-नियंत्रण योजनेचा तिसरा टप्पा लागू होतो आणि रुग्णालयं, मेट्रो वगैरे ठरावीक कामं सोडून धूळ उडवणारं बांधकाम थांबतं. चौथ्या टप्प्यात अत्यावश्यक नसलेल्या मालाच्या जुन्या, बीएस-६ पूर्वीच्या डिझेल ट्रकांनाही दिल्लीत प्रवेश मिळत नाही. २०२४ मध्ये तिसरा टप्पा १५ नोव्हेंबरला लागला, चौथा १८ नोव्हेंबरला. सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध सैल करण्यास मुभा दिली ती ५ डिसेंबरला, आणि १६ डिसेंबरला पुन्हा बंदी आली.

आता समजा, एका मालकाने १ ऑक्टोबरला दोन्ही स्लॅबचं सिमेंट एकदम आणलं आणि गोण्यांवर छाप होता ३६ व्या आठवड्याचा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याचा. पहिला स्लॅब ऑक्टोबरअखेर झाला. दुसरा ठरला नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तेवढ्यात बंदी आली. ती उठली तेव्हा त्या गोण्यांना तीन महिने भरत आले होते. मजूर गावाहून परतेपर्यंत दुसरी बंदी लागली. ‘मग प्रयोगशाळेत तपासून घेऊ,’ असं म्हणावं, तर ताकदीची पुरी चाचणी व्हायला २८ दिवस लागतात. जुनं सिमेंट वाचवायला एवढा वेळ थांबणारा मालक मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून डिलिव्हरी तारखेला न बांधता कामाच्या टप्प्याला बांधावी. वरच्या घराचा प्रत्येक मजला सुमारे ८०० चौरस फूट धरला, तर एका स्लॅबला बीमसह अंदाजे १३ घनमीटर काँक्रीट लागतं. एम-२० च्या प्रमाणात घनमीटरला आठ गोण्या, म्हणजे १०५ च्या आसपास. शटरिंग ठोकून झालं, सळई इंजिनिअरने तपासली, की दोन-तीन दिवस आधी एवढाच माल मागवावा. विटकामाला दोन गवंडी असतील, तर दिवसाला तीन गोण्या पुरतात. आठवड्याला वीस आणल्या की झालं. ऑक्टोबर ते जानेवारीत एका स्लॅबपेक्षा जास्त साठा हाताशी ठेवू नये. सुट्या ट्रिपांचं भाडं थोडं चढतं, हे खरं. पण बंदीत अडकणाऱ्या शंभर गोण्यांपेक्षा ते स्वस्त आहे.

थप्पीबद्दलही एक उलटा गैरसमज आहे. खालच्या गोण्या दाबाने दगडासारख्या लागतात आणि लोक त्या फेकून देतात. गोणी जमिनीवर लोळवून पाहावी. पावडर मोकळी झाली तर ते फक्त दडपलेलं होतं. आत बोटांनी न फुटणारे खडे लागले, तर ते सिमेंट खरंच जमलं आहे. खडे चाळून उरलेली पावडर ‘चांगली’ म्हणून स्लॅबमध्ये वापरण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती चूक आहे, कारण त्या पावडरीलाही तीच हवा लागलेली असते. थप्पी दहा गोण्यांहून उंच नको, ती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी रचावी, आणि आधी आलेली गोणी आधी निघेल असं तोंड ठेवावं.

बंदीत अडकलेलं आणि मुदतीच्या जवळ आलेलं सिमेंट असेल, तर खडे न झालेलं तेवढं फरशीखालच्या मसाल्याला किंवा अंगणातल्या कोब्याला काढा. कॉलम, बीम आणि स्लॅबसाठी मात्र ताज्या छापाचीच गोणी मागवा.